वार, महिने आणि ऋतू: भिंतीवरच्या तक्त्यावरून लहान मुलांना शिकवताना पडणारे प्रश्न

साडेतीन ते सात वर्षांच्या मुलांचे आईबाबा, आजीआजोबा आणि बालवाडीच्या ताई यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. तक्ता घरी करायचा आहे. लागणारे सामान स्टेशनरीच्या कोणत्याही दुकानात मिळते.

सुरुवात कुठून करायची? वारांपासून की महिन्यांपासून?

दोन्हीच्या आधी 'काल, आज, उद्या' घ्या. मूल सातही वारांची नावे गाण्यासारखी म्हणते, पण 'आज बुधवार, मग काल काय होतं?' असे विचारले की गप्प होते. नावे पाठ असतात, पण कालचा दिवस आणि आजचा दिवस यांचा संबंध डोक्यात बसलेला नसतो. साधारण चौथ्या वर्षी मुलाला इतके कळते की काल म्हणजे होऊन गेलेले आणि उद्या म्हणजे यायचे. ते किती मागे किंवा किती पुढे, हे कळायला आणखी वेळ लागतो. म्हणून 'काल आपण मामाकडे गेलो होतो' असे मूल तीन महिन्यांपूर्वीच्या भेटीबद्दलही सांगते. ते खोटे बोलत नसते, त्याच्यासाठी मागचे सगळे 'काल'च असते.

काल-आज-उद्या आणि वार हे चार ते साडेपाच, महिने साडेपाच ते सात, हा क्रम बहुतेक मुलांना जमतो. ऋतूंचे निरीक्षण मात्र पहिल्या दिवसापासून सुरू करता येते. त्यासाठी नावे पाठ असावी लागत नाहीत.

वारांचा तक्ता कसा करायचा?

बाजारातल्या तक्त्यावर सात चौकोन आणि एक बाण असतो. त्यात आजचा वार दिसतो, पण कालचा आणि उद्याचा दिसत नाही. त्यापेक्षा सरकती चौकट असलेली पट्टी करा.

पूर्ण आकाराची कार्डशीट घ्या (५६ × ७१ सें.मी.). तिच्यातून ७१ सें.मी. लांब आणि १० सें.मी. उंच पट्टी कापा. पट्टी लवलवत असेल तर मागे पुठ्ठा चिकटवा. दोन्ही टोकांना ४ सें.मी. जागा मोकळी ठेवली की मध्ये ६३ सें.मी. उरतात, त्यात ७ सें.मी.चे नऊ रकाने बसतात. हो, नऊच. डावीकडून असे लिहा: रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार. रकान्याचा वरचा ३ सें.मी. आणि खालचा १ सें.मी. भाग कोरा सोडा, नाव आणि चित्र त्यांच्यामध्ये येऊ द्या.

आता सरकती चौकट. जाड कागदाचा २३ सें.मी.चा चौरस घ्या. तो पट्टीभोवती गुंडाळून मागे चिकटवला की साडेदहा सें.मी. उंचीची नळी होते आणि पट्टीवर ती सहज सरकते. चिकटवण्याआधी समोरच्या बाजूला ६ सें.मी. रुंद, साडेसहा सें.मी. उंच अशा तीन खिडक्या कापा. दोन खिडक्यांमध्ये १ सें.मी. आणि दोन्ही कडांना दीड-दीड सें.मी. कागद राहील. वर ३ सें.मी. कागद उरतो, तिथे 'काल', 'आज', 'उद्या' लिहा. मधल्या खिडकीची कड लाल रंगाने जाड करा.

पट्टी भिंतीला फक्त दोन टोकांना लावा आणि तिथे मागे पुठ्ठ्याचे दोन-तीन तुकडे ठेवा, म्हणजे पट्टी भिंतीपासून थोडी पुढे राहील. पूर्ण पट्टी चिकटवली तर चौकटीला मागून सरकायला जागाच उरत नाही.

नऊ रकाने कशासाठी? वार तर सातच!

सात रकाने केले तर सोमवारी 'काल'ची खिडकी रिकामी राहते आणि रविवारी 'उद्या'ची. मुलाला वाटते, सोमवारच्या आधी काही नाही आणि रविवारनंतर सगळे संपले. नऊ रकान्यांत तिन्ही खिडक्या कायम भरलेल्या असतात.

रविवारी चौकट उजव्या टोकाला असते आणि तिच्यात शनिवार, रविवार, सोमवार दिसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी 'आज'मध्ये सोमवार आणायचा, तर पुढे सरकायला जागा नाही. मग चौकट पूर्ण डावीकडे न्यायची. तिथे रविवार, सोमवार, मंगळवार दिसतात. कालचा रविवार तोच, फक्त तो आता डाव्या टोकाला सापडला. आठवडा संपून पुन्हा सुरू होतो हे मुलाला या एका हालचालीत हाताने कळते. पहिले तीन-चार सोमवार ते अडखळेल, चौकट उजवीकडेच ढकलू पाहील. हात धरून नेऊ नका. 'सोमवार आणखी कुठे आहे, शोध बरं' एवढेच म्हणा.

तक्ता किती उंचीवर लावायचा?

चार वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून साधारण ९० ते ९५ सें.मी.वर येतात. पट्टी त्या उंचीवर हवी. बहुतेक घरांत तक्ता मोठ्यांच्या कॅलेंडरशेजारी, मुलाच्या डोक्याच्या वर लागतो. मग चौकट सरकवायला रोज मोठे माणूस लागते आणि दोन आठवड्यांत तक्ता भिंतीवर नुसता टांगलेला राहतो. जागा मुलाच्या रोजच्या वाटेवरची निवडा: बेसिनजवळ, चपलांच्या स्टँडजवळ किंवा जेवायला बसतो तिथे. टीव्हीच्या भिंतीवर मात्र नको.

रोज नक्की काय करायचं?

सकाळी दात घासून झाले की दूध पिण्याआधी चौकट एक रकाना पुढे सरकवायची आणि तिन्ही खिडक्या बोट ठेवून वाचायच्या: 'काल मंगळवार होता. आज बुधवार आहे. उद्या गुरुवार असेल.' होता, आहे, असेल हे तीन शब्द स्पष्ट म्हणा, कारण वाराच्या नावाइतकाच त्यांचाही आधार मुलाला लागतो. अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

रात्री झोपताना चौकटीला हात लावायचा नाही. 'आज'च्या खिडकीकडे बघून आज घडलेली एक गोष्ट मुलाने सांगायची. दुपारी झोपून उठलेले मूल बऱ्याचदा 'उद्या झाला का?' असे विचारते. त्याच्या हिशेबात झोप झाली म्हणजे दिवस बदलला. चौकट फक्त सकाळीच सरकते, हा नियम पाळला की दुपारची झोप आणि रात्रीची झोप यांतला फरक आपोआप लक्षात येतो.

माझी मुलगी मंगळवार आणि बुधवार यांत नेहमी गोंधळते. का?

तिच्यासाठी ते दोन दिवस सारखेच असतील म्हणून. तीच शाळा, तोच डबा, तेच खेळणे. सोमवार आणि रविवार लवकर पक्के होतात, कारण ते वेगळे असतात. एका ओळीत सात दिवस काय-काय घडते ते लिहून पाहा. जिथे लिहायला काही नसेल, तिथेच मूल अडखळत असेल.

एका घराची यादी अशी होऊ शकते. सोमवारी शाळेत धुतलेले बूट. बुधवारी पी.टी.चा गणवेश. गुरुवारी गावचा आठवडी बाजार, तिथे मुलाने स्वतः एक भाजी निवडायची. शुक्रवारी संध्याकाळी आजीला फोन. शनिवारी सकाळची शाळा. रविवारी डोक्याला तेल आणि उशिरा आंघोळ. मंगळवार रिकामा राहिला, तर त्या दिवशी काहीतरी ठरवून टाका: कुंड्यांना पाणी घालायची पाळी किंवा डब्यात थालीपीठ. पट्टीवर त्या रकान्यात तेवढेच चित्र काढा. फुलाफळांची, प्राण्यांची शोभेची चित्रे नकोत. मंगळवारच्या रकान्यात ससा काढला तर मुलाला ससा आठवतो, मंगळवार नाही.

'उद्या' म्हटलं की तो रडतो. काय करावं?

'उद्या' हा शब्द घरात कसा वापरला जातो ते बघा. 'आईस्क्रीम उद्या आणू', 'बागेत उद्या जाऊ' असे आपण नकार टाळण्यासाठी म्हणतो आणि उद्या काहीच आणत नाही. मुलाच्या लेखी 'उद्या'चा अर्थ 'नाही' असा होतो. मग तक्त्यावरची तिसरी खिडकी त्याला खोटी वाटू लागते. नकार असेल तर 'नाही' म्हणा. 'उद्या' म्हणाल ती गोष्ट छोट्या कागदावर काढून त्या वाराच्या रकान्यावर चिकटवा आणि तो दिवस आला की करा.

लांबच्या दिवसासाठी झोपा मोजा. 'बाबा शनिवारी येणार' हे बुधवारी सांगताना पट्टीवर बोट ठेवून म्हणा: एकदा झोपून उठलं की गुरुवार, दुसऱ्यांदा शुक्रवार, तिसऱ्यांदा शनिवार. 'परवा' हा शब्द सुरुवातीला टाळलेला बरा. आपण तो मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही दिवसांसाठी वापरतो आणि मुलाला नेमकी दिशाच पक्की करायची असते.

गावाला गेलो आणि आठ दिवस चौकट सरकवली नाही. आता?

रात्री गुपचूप योग्य जागी आणून ठेवू नका. परत आल्यावर मुलाला जवळ घ्या आणि चौकट एकेक रकाना सरकवत या, प्रत्येक दिवशी काय घडले ते एका वाक्यात म्हणत. 'गुरुवारी एसटीत बसलो. शुक्रवारी विहीर पाहिली.' असा भरलेला आठवडा मुलाला घरातल्या चार आठवड्यांपेक्षा जास्त शिकवतो.

शिकलं की नाही, हे कसं ओळखायचं?

'वार म्हणून दाखव' यावरून काही कळत नाही. चौकट हाताने झाका आणि विचारा: 'गुरुवारनंतर कोणता?' सोमवारपासून पुटपुटत गुरुवारपर्यंत आले तर क्रम येतो, पण वार अजून सुटे झालेले नाहीत. थेट 'शुक्रवार' म्हटले तर ते झाले. 'गुरुवारच्या आधी कोणता?' हा त्याहून अवघड प्रश्न आहे. त्याचे उत्तर महिनाभर उशिरा आले तरी काळजी नको. आणि रोज प्रश्न विचारू नका. जे मूल रोज परीक्षा देते ते तक्त्यापासून लांब पळते.

महिने कसे दाखवायचे?

गोलात. ३० सें.मी. व्यासाचे पुठ्ठ्याचे वर्तुळ कापा, त्याचे बारा भाग करा, कडेला लाकडी चिमटा लावा. दर महिन्याच्या एक तारखेला मुलाने चिमटा पुढच्या भागावर लावायचा. सरळ ओळीत लिहिलेल्या महिन्यांत डिसेंबरनंतर जानेवारी येतो हे दिसत नाही.

अडचण अशी की चिमटा वर्षात फक्त बारा वेळा हलतो. तेवढ्यावर महिना कळत नाही. एक महिना म्हणजे किती, हे मुलाला कळायला हवे असेल तर महिन्याला रोज हात लागला पाहिजे. त्यासाठी टिकल्यांचा कागद.

टिकल्यांचा कागद म्हणजे काय?

प्रत्येक महिन्यासाठी एक ए-४ कागद. वर महिन्याचे मोठे नाव, खाली त्या महिन्यात जितके दिवस तितके चौकोन, एका ओळीत सात. टिकल्यांची तीन पाकिटे आणा: पिवळ्या उन्हासाठी, निळ्या पावसासाठी, राखाडी ढगांसाठी. रोज संध्याकाळी मुलाने बाहेर बघून एक टिकली लावायची. वेळ ठरलेली ठेवा, साधारण पाच-साडेपाच. वेळ बदलत राहिली तर कागदावर हवामानाऐवजी तुमची सवड उमटते. पाकीट मात्र मोठ्यांकडेच असू द्या, लहान भावंडे टिकल्या तोंडात घालतात.

थंडी टिकलीत कशी दाखवायची? बाहेर जाताना स्वेटर घातला तर चौकोनात एक रेघ मारायची. तापमानाचे आकडे या वयात नकोत.

महिना संपला की कागद काढून टाकू नका. मागच्या महिन्याचा कागद डावीकडे, नवा उजवीकडे, असे तीन तरी शेजारी दिसू द्या.

त्यातून ऋतू कसे कळतात?

पुण्यातल्या एखाद्या घरचे मे आणि जूनचे कागद मनात आणा. मेमध्ये बहुतेक पिवळ्या टिकल्या, मध्ये दोन-तीन निळ्या. वळीव पडला त्या दिवशी मूल हमखास विचारते, 'पावसाळा आला?' तेव्हा लगेच हो-नाही करू नका. 'उद्या कोणती टिकली लागते बघू' म्हणा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पिवळी लागते. जूनच्या कागदावर पहिल्या ओळीत पिवळ्या, मग राखाडी आणि निळ्या मिसळलेल्या, आणि खालच्या ओळींत निळ्यांची गर्दी. दोन्ही कागद शेजारी ठेवले की मूलच बोट दाखवून सांगते, इथून पाऊस सुरू झाला. एका दिवसाचा पाऊस आणि पावसाळा यांतला फरक याहून चांगला समजावता येत नाही, कारण एरवी तो दिसतच नाही.

आता महिन्यांच्या गोलाला बाहेरून ऋतूंचा पट्टा जोडा. शाळेत शिकवतात त्याप्रमाणे फेब्रुवारी ते मे उन्हाळा, जून ते सप्टेंबर पावसाळा, ऑक्टोबर ते जानेवारी हिवाळा. पट्टा आधीच रंगवून ठेवू नका. एकेका महिन्याचा कागद भरला की त्या भागाचा रंग मुलाने भरायचा. वर्षभराने गोल पूर्ण होतो.

पण ऑक्टोबरमध्ये तर घामाच्या धारा लागतात! हिवाळा कसा म्हणायचा?

मुलाचे निरीक्षण खरे आहे आणि ते खोडू नये. पाऊस परतला की आकाश मोकळे होते, ऊन थेट लागते, जमिनीत ओल असते, म्हणून ऑक्टोबर तापतो आणि घामट होतो. कागदावर पिवळ्या टिकल्या असतील, स्वेटरची एकही रेघ नसेल. तेव्हा ऑक्टोबरचा भाग अर्धा पिवळा, अर्धा थंडीच्या रंगाचा करा. ऋतू एक तारखेला बदलत नाहीत. २०२५ साली मुंबईत मोसमी पाऊस २६ मेलाच पोचला होता, एरवी तो जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास येतो. तुमच्या घरच्या कागदावर जे दिसते तेच रंगवा. कोकणातला जुलै पूर्ण निळा होईल. मराठवाड्यातल्या जुलैत पिवळ्या आणि राखाडी टिकल्या बऱ्याच निघतील, म्हणून तो चुकला असे नाही.

तयार तक्ते घेताना हेच बघा. अनेकांवर डिसेंबरसमोर बर्फाचा माणूस आणि गळून पडलेली लाल पाने असतात. नाशिकच्या मुलाला ते खिडकीतून कधीच दिसणार नाही.

आम्ही परदेशात राहतो. हाच गोल चालेल का?

महिन्यांचा गोल चालेल, ऋतूंचा पट्टा तिथला करा. मेलबर्नमध्ये डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा असतो आणि जून ते ऑगस्ट थंडी. लंडनमध्ये याच्या उलट. मुलाने खिडकीबाहेर जे दिसते ते आधी शिकावे. आजी व्हिडिओ कॉलवर 'इथे धो-धो पाऊस आहे' म्हणाली की दुसरा, छोटा पट्टा काढायची वेळ झाली. तो साधारण सहाव्या वर्षानंतर.

चैत्र, वैशाख कधी शिकवायचे? सहा ऋतू?

जानेवारी ते डिसेंबर पक्के झाल्यावर, म्हणजे सातव्या वर्षाच्या आसपास. त्यांच्यासाठी वेगळा गोल करा. दोन्ही प्रकारचे महिने एकाच गोलावर, 'चैत्र म्हणजे एप्रिल' असे लिहिण्याचा मोह होतो, पण ते जुळत नाहीत. गणेश चतुर्थी भाद्रपदातच येते, पण २०२४ मध्ये ती ७ सप्टेंबरला होती आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. दर दोन-तीन वर्षांनी अधिक मासही येतो. २०२३ मध्ये तो श्रावणात होता, २०२६ मध्ये ज्येष्ठात आहे. म्हणून या गोलासाठी अधिक मासाची एक सुटी पाकळी करून ठेवा आणि त्या-त्या वर्षी योग्य जागी चिकटवा.

नावांना सणांचा आधार द्या: गुढीपाडव्याने चैत्र सुरू होतो, आषाढात वारी, श्रावणात नागपंचमी, भाद्रपदात गणपती, आश्विनात दसरा, फाल्गुनात होळी. पौष आणि माघ मुलांना शेवटी लक्षात राहतात. संक्रांत सहसा पौषात सांगतात, पण ती सूर्याच्या हिशेबाने १४ जानेवारीच्या आसपास येते. त्यामुळे तिला जानेवारीच्या भागावरच ठेवा.

सहा ऋतू याच गोलावर दोन-दोन महिन्यांनी बसतात: चैत्र-वैशाख वसंत, ज्येष्ठ-आषाढ ग्रीष्म, श्रावण-भाद्रपद वर्षा, आश्विन-कार्तिक शरद, मार्गशीर्ष-पौष हेमंत, माघ-फाल्गुन शिशिर. आषाढात पाऊस पडत असताना ग्रीष्म कसा, असे मूल विचारेल. टिकल्यांचे कागद जपून ठेवले असतील तर ते समोर ठेवा आणि सांगा, ही वाटणी फार जुनी आहे, आपल्या अंगणातला पाऊस आपण वेगळा मोजतो.

मुलगा इंग्रजी माध्यमात आहे. मंडे, ट्यूजडे कुठे लिहायचे?

घरी ज्या भाषेत बोलता तिच्यातले वार पट्टीवर लिहा. ते सुटे झाले, म्हणजे 'गुरुवारनंतर कोणता' जमले, की रकान्याच्या वरच्या कोऱ्या जागेत शाळेतले नाव बारीक अक्षरात घाला. चौकटीखाली असताना ते झाकलेले राहते, चौकट पुढे गेली की दिसते. दोन्ही एकदम सुरू केले तर मूल 'मंगळवारनंतर वेनसडे' म्हणू लागते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, क्रम बरोबर आहे. फक्त महिनाभर एकाच भाषेवर या.

कोणत्या महिन्याचे ३० आणि कोणत्याचे ३१, हे कधी?

पहिली-दुसरीत. मूठ आवळून बोटांच्या मागच्या उंचवट्यांवर आणि त्यांमधल्या खळग्यांवर महिने मोजा. पहिला उंचवटा जानेवारी, खळगा फेब्रुवारी, असे जात चौथ्या उंचवट्यावर जुलै येतो. ऑगस्टसाठी खळग्यात न उतरता पुन्हा पहिल्या उंचवट्यापासून सुरुवात करा. उंचवट्याचे ३१, खळग्याचे ३०, फक्त फेब्रुवारीचे २८ किंवा २९. लहान मूल नेमके जुलै-ऑगस्टच्या जागी चुकते. तेव्हा त्या दोन महिन्यांचे टिकल्यांचे कागद काढा आणि दोन्हींचे शेवटचे चौकोन त्यालाच मोजू द्या.